पॉवरचा ग्राफ सरळ येतो, पण गेट पळून जातं: टर्बाइनच्या मॉडेलमधली झिरो डायनॅमिक्स

प्रश्न: सर, मी कराडला कंट्रोलमध्ये एम.टेक. करतोय. हायड्रो टर्बाइनच्या नॉनलिनियर मॉडेलला इनपुट-आउटपुट लिनियरायझेशन लावलं. रिलेटिव्ह डिग्री 1 येते, पॉवर 0.8 वर एकदम सरळ रेषेत राहते, पण चार-पाच सेकंदांत गेट पूर्ण उघडतं नाहीतर बंद व्हायला लागतं. गेन बदलून पाहिला, काही फरक नाही. गाईड म्हणतात झिरो डायनॅमिक्स बघ. म्हणजे नेमकं काय बघू?

उत्तर:

तुझ्या कोडमध्ये चूक नाही, हे आधी सांगतो, नाहीतर अजून पंधरा दिवस तू ओळ न ओळ तपासत बसशील. तुझा कंट्रोलर त्याला सांगितलं तेच करतोय, आणि जे सांगितलंय तेच करण्याजोगं नाही. मी सातारा जिल्ह्यात गव्हर्नरच्या कामात बरीच वर्षं काढली, धरणाच्या पायथ्याच्या छोट्या केंद्रांवर, आणि हे मॉडेल माझ्या आवडीचं आहे कारण यात सगळं हाताने, दोन पानांत निघतं. म्हणून सगळ्या थिअरीत न जाता हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

मॉडेल तू हेच घेतलं असशील असं धरतो. सगळं पर-युनिटमध्ये, पाइपातलं घर्षण सोडून दिलंय, पाण्याचा खांब न दबणारा धरलाय:

```
dU/dt = (1 - H)/Tw
H = (U/G)^2
P = H*U = U^3/G^2
dG/dt = u
```

U म्हणजे पेनस्टॉकमधल्या पाण्याचा वेग, G गेटचं उघडणं, H टर्बाइनपाशी असलेला हेड, P पॉवर, आणि u म्हणजे सर्वो गेटला किती वेगाने हलवतो ते. Tw ला वॉटर स्टार्टिंग टाइम म्हणतात, लांबी गुणिले वेग भागिले g गुणिले हेड. 120 मीटरचा पेनस्टॉक, वेग सेकंदाला 5 मीटर, हेड 30 मीटर असेल तर 600 भागिले 294, म्हणजे 2 सेकंदांच्या आसपास. पुढे सगळीकडे Tw = 2 घेतो.

आता रिलेटिव्ह डिग्री. याची व्याख्या पुस्तकात ली डेरिव्हेटिव्हने सुरू होते आणि पोरं तिथंच घाबरतात, पण गोष्ट साधी आहे: आउटपुटचं डेरिव्हेटिव्ह घेत जायचं, आणि ज्या वेळी u पहिल्यांदा उजव्या बाजूला दिसतो तो आकडा म्हणजे रिलेटिव्ह डिग्री. P मध्ये u नाही. एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की येतो:

```
dP/dt = 3*U^2*(dU/dt)/G^2 - (2*U^3/G^3)*u
```

म्हणून 1. फक्त एक अट असते, u च्या मागचा गुणक त्या भागात शून्य नको. इथे तो -2U³/G³ आहे, म्हणजे पाणी वाहतंय तोपर्यंत ठीक, पण U = 0 ला, मशीन सुरू करताना किंवा बंद करताना, तो शून्य होतो आणि रिलेटिव्ह डिग्री ठरतच नाही. तिथे हा कायदा लावायचाच नाही, तिथे u काढताना तू शून्याने भागत असतोस.

पण या गुणकाकडे अजून एकदा बघ, त्याची खूण बघ. ऋण आहे. म्हणजे गेट उघडलं की पॉवर त्या क्षणी कमी होते. ज्याने उपसा सिंचनाची लांब पाइपलाइन हाताळलीय त्याला यात नवल वाटणार नाही, पाइपातलं पाणी जड असतं, व्हॉल्व्ह फिरवला म्हणून त्याचा वेग लगेच बदलत नाही, आधी दाब बदलतो. म्हणून तर शेतकरी व्हॉल्व्ह एकदम बंद करत नाही, पाइप उडते. इथेही तसंच. G 0.8 वरून झटक्यात 0.88 केलं, U अजून 0.8 च आहे, तर P = 0.512 भागिले 0.7744, म्हणजे 0.66. पाहिजे होती 0.88, मिळाली 0.66, आणि मग पाणी वेग घेतं तशी ती वर चढत 0.88 ला जाते.

आता तू केलंस ते. dP/dt च्या समीकरणात u असा निवडलास की उजवीकडे फक्त v उरेल:

```
u = 1.5*(G/U)*(dU/dt) - (G^3/(2*U^3))*v
v = -k*(P - Pref)
```

यामुळे P आणि v मधलं नातं निव्वळ एक इंटिग्रेटर झालं, नॉनलिनियर काही उरलं नाही, ग्राफ सरळ. पण मोज, सिस्टिमच्या अवस्था दोन, U आणि G. रिलेटिव्ह डिग्री 1, म्हणजे लिनियर केलेल्या भागाने त्यातली एकच दिशा व्यापली. दुसरी कुठे गेली? ती आउटपुटला दिसत नाही एवढंच, नाहीशी झाली नाही. बर्न्स आणि इसिदोरी यांच्या नावाने जो नॉर्मल फॉर्म ओळखला जातो तो नेमकं हेच करतो, आउटपुट आणि त्याची डेरिव्हेटिव्हं एका बाजूला आणि उरलेलं दुसऱ्या बाजूला मांडतो. आपल्या इथे तो फार सुंदर निघतो, कारण dU/dt मध्ये u नाहीच, त्यामुळे आतली अवस्था म्हणून U च घेता येतो, कुठलं कोऑर्डिनेट शोधत बसायला नको. आणि H = P/U, म्हणून:

```
dP/dt = v
dU/dt = (1 - P/U)/Tw
```

हे अंदाजे नाही, बरोब्बर हेच आहे. कागदावर उतरवून घे आणि थोडा वेळ नुसतं बघत बस. दुसऱ्या ओळीत v नाही, k नाही. U ला बाहेरून दिसतो तो फक्त P.

झिरो डायनॅमिक्स म्हणजे आता एकच प्रश्न: आउटपुट पाहिजे त्या जागी खिळ्याने ठोकल्यासारखं धरलं तर आत काय चालतं? नाव झिरो आहे कारण थिअरीत आउटपुटची चूक शून्य धरतात. P = P0 टाक:

```
dU/dt = (1 - P0/U)/Tw
```

समतोल U = P0 ला. त्याच्या आसपास उतार काढ, म्हणजे उजव्या बाजूचं U ने डेरिव्हेटिव्ह, P0/(Tw·U²), समतोलाला 1/(P0·Tw). धन. संपलं, अस्थिर. P0 = 0.8 आणि Tw = 2 ला हा 0.625 प्रति सेकंद, म्हणजे U मधली कुठलीही छोटी चूक दर 1.6 सेकंदांनी 2.7 पट होते. लिनियर मॉडेलमध्ये पूर्ण लोडला उजव्या अर्ध्यात 1/Tw ला जो झिरो येतो, तू बी.ई.ला शिकला असशील, तो हाच, फक्त इथे लोडप्रमाणे सरकणारा आणि मोठ्या हालचालीलाही लागू पडणारा. कमी लोडला झिरो उजवीकडे दूर जातो, आणि उलटा झटका त्या मानाने लवकर सावरतो.

याचं कारण पाण्यातच आहे, आणि ते कळलं की गणित विसरलं तरी चालेल. पॉवर म्हणजे हेड गुणिले वेग. पॉवर ठोकून ठेवलीय. समजा वेग चुकून जरासा जास्त झाला, तर पॉवर तेवढीच ठेवायला टर्बाइनपाशी हेड कमी करावा लागणार, त्यासाठी गेट अजून उघडणार. पण खाली हेड कमी झाला की वरचं पाणी खांबाला अजून जोरात ढकलतं, वेग अजून वाढतो. मग हेड अजून कमी, गेट अजून उघडं. उलट्या बाजूला वेग जरा कमी पडला की गेट बंद होत जातं, दाब वाढतो, दाबाने पाणी अजून मंदावतं, मग अजून दाब. स्वतःच स्वतःला पळवणारं चक्र आहे हे, आणि ते चालू ठेवतोय तुझाच कंट्रोलर, कारण पॉवर हलू न देण्याचा त्याचा हट्ट आहे.

आता तुझे चार-पाच सेकंद काढू. वरचं समीकरण व्हेरिएबल वेगळे करून सरळ इंटिग्रेट होतं: t = Tw·[ΔU + P0·ln(आताची चूक भागिले सुरुवातीची चूक)]. सुरुवात U = 0.81 ने कर, 0.01 ची चूक. गेट पूर्ण उघडं म्हणजे G = 1, ते U³ = 0.8 ला होतं, U = 0.928. चूक 0.01 ची 0.128 झाली. t = 2·[0.118 + 0.8·ln 12.8], म्हणजे 4.3 सेकंद. ऑक्टेव्हमध्ये तपासून बघ:

```
U=0.81; P0=0.8; Tw=2; dt=0.01; t=0;
while sqrt(U^3/P0) < 1
  U = U + dt*(1-P0/U)/Tw;  t = t + dt;
end
t
```

4.3 च्या जवळपास येईल. दुसरी बाजू जास्त वाईट आहे. U = 0.79 ने सुरू केलं तर वेग घसरत जातो आणि H = 0.8/U वर चढतो. पेनस्टॉक 30 टक्के वाढीव दाब सोसतो असं धरलं तर तो दाब U = 0.615 ला येतो, वेळ पुन्हा 4.3 सेकंदच, गेट तेव्हा 0.54 वर. आणि थांबवलं नाही तर 5.4 सेकंदांत वेग शून्याकडे आणि मॉडेलमधला हेड अनंताकडे. या सगळ्या वेळात P चा ग्राफ 0.8 वर एकदम सरळ! बाहेरून बघणाऱ्याला आत काय शिजतंय याचा पत्ता नाही.

आणि पॉवर वाढवायला सांगितलीस तर? 0.8 वर सगळं शांत आहे, U = G = 0.8, आणि Pref 0.9 दिला. u च्या सूत्रात बघ, त्या क्षणी dU/dt शून्य आहे, u = -v/2. v धन, म्हणजे कंट्रोलर गेट बंद करतो! जास्त पॉवर हवी म्हणून बंद. आणि क्षणभर ते खरंच काम करतं, कारण चालत्या पाण्याला अडवलं की दाब वाढतो आणि त्या दाबातून पॉवर मिळते. ही पॉवर पाण्याच्या वेगातून काढलेली उसनवारी आहे. 0.9 ची पॉवर कायम द्यायची तर U 0.9 ला जायला हवा, आणि हा तर U कमी करत सुटलाय. P लगेच 0.9 ला नेऊन धरली असं मानलं तर 30 टक्के दाबवाढ 1.1 सेकंदात येते आणि 2.4 सेकंदांच्या आत वेग संपतो. सुरुवातीला मीही हे सिम्युलेटरवर बघितलं तेव्हा खूण चुकली असं समजून अर्धा दिवस साइन तपासत होतो, साइन बरोबर होती.

गेन बदलून फरक का पडत नाही हे आता दिसतंय ना. k फक्त P किती लवकर Pref ला जाईल ते ठरवतो. तिथे पोचल्यावर U चं काय होईल हे दुसऱ्या ओळीत ठरतं आणि तिथे k चा शिरकावच नाही. Pref हळू रॅम्पने दिला तरी सुटका नाही, रॅम्प संपल्यावर P पुन्हा धरलेलीच असते, आणि छोटी चूक तर नॉइजमधून कायम येत राहते. सर्वोला अजून एक लॅग जोडून बघितला तर रिलेटिव्ह डिग्री 2 होईल, गणित लांबेल, झिरो डायनॅमिक्स तीच राहील. फीडबॅकने ती बदलत नाही, कोऑर्डिनेट बदलून बदलत नाही. ती त्या आउटपुटची आणि त्या प्लांटची आहे. तुझ्याकडे हात एकच आहे, u, आणि तो P ला तंतोतंत धरण्यात पूर्ण खर्ची पडला, U ला सावरायला दुसरा हात नाही. झिरो पोलने कापण्यासारखंच आहे हे: इनपुट-आउटपुट लिनियरायझेशन आतून प्लांटचा उलटा चालवतं, आणि प्लांटचे उजवीकडचे झिरो उलट्यामध्ये अस्थिर पोल होतात.

मग काय करायचं. सगळ्यात स्वच्छ वाट म्हणजे आउटपुट बदलणं. P ऐवजी U ला आउटपुट घे. dU/dt मध्ये u नाही, दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये येतो:

```
d2U/dt2 = (2/Tw)*( U^2*u/G^3 - U*(dU/dt)/G^2 )
```

रिलेटिव्ह डिग्री 2, अवस्था 2, आत लपायला काही शिल्लकच नाही, झिरो डायनॅमिक्स नाही. u चा गुणकही आता धन, म्हणजे वेग वाढवायचा तर गेट उघडतं. आणि समतोलाला H = 1 असल्यामुळे P = U, म्हणून U ला Pref कडे नेलं की P आपोआप तिथे जाते. खऱ्या प्लांटवर घर्षण आणि टर्बाइनची एफिशियन्सी असते त्यामुळे P आणि U तंतोतंत जुळत नाहीत, ती तफावत भरायला बाहेरून एक संथ इंटिग्रल ठेवायचा, तो U चा संदर्भ हळूहळू दुरुस्त करतो. संथ म्हणजे खरंच संथ, झिरोच्या 0.625 पेक्षा बराच खाली, नाहीतर त्या इंटिग्रलमधून तू जुन्याच खड्ड्यात परत येशील.

पण यात मर्यादा गेली असं समजू नकोस, ती फक्त दिसायला लागली. U चे दोन्ही पोल -1/τ ला ठेवून 0.8 वरून 0.9 ला जाऊ. τ = 2 सेकंद घेतला तर P आधी 0.784 पर्यंत खाली जाते, मग चढते. घाई करून τ = 0.5 केला तर ती 0.701 पर्यंत खाली जाते, म्हणजे वाढ हवी होती 0.1 ची आणि आधी तेवढीच घट झाली. जितकी घाई तितका खड्डा खोल, आणि यातून सुटायची जी एकमेव दिशा होती, खड्डा शून्य, तीच तू आधी मागितली होतीस. गव्हर्नरमध्ये टेंपररी ड्रूप ठेवतात तो यासाठीच, फार पूर्वी तेलाच्या डॅशपॉटने करायचे, गेटला सुरुवातीला मुद्दाम मंद ठेवायचं म्हणजे पाण्याला वेग घ्यायला वेळ मिळतो. त्या लोकांनी झिरो डायनॅमिक्स हा शब्द वापरला नाही पण पाणी त्यांना नीट कळलं होतं.

अजून एक वाट आहे, पॉवर पुढे कशी बदलायचीय हे आधीपासून ठाऊक असेल तर. U चं समीकरण पुढे सोडवलं तर पळतं, पण शेवटाकडून मागे सोडवलं तर तेच शांत असतं. म्हणून Pref चा पूर्ण आराखडा हातात असेल तर उलट्या वेळेने U काढता येतो, मर्यादेत राहणारा, आणि मग गेट पॉवर बदलायच्या आधीच हलायला लागतं, साधारण तीन-चार टाइम कॉन्स्टंट, म्हणजे पाच-सहा सेकंद आधी. ठरलेल्या शेड्यूलला हे जमतं. ग्रिडवर अचानक लोड आला तर नाही, कारण तेव्हा पाच सेकंदांपूर्वी सांगणारं कुणी नसतं. आणि असा काढलेला G नुसता वाजवायचा नाही, त्याच्याभोवती वरच्या U वाल्या कंट्रोलरसारखा एक स्थिर फीडबॅक लागतोच.

ओळखायचं कसं, हे विचारलं नाहीस पण सांगतो. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये लोक फक्त आउटपुटचा ग्राफ टाकतात, तो इथे काहीच सांगत नाही. G आणि H दोन्ही त्याच वेळअक्षावर काढ, किमान दहा सेकंद, आणि सुरुवात समतोलावर करू नकोस, 0.01 ने हलवून कर, कारण बरोब्बर समतोलावरून सुरू केलं तर सिम्युलेशन बराच वेळ शांत दिसतं आणि फसवतं. प्रत्यक्ष मशीनवर मॉडेल नसेल तरी गेटला छोटा स्टेप द्यायचा आणि मेगावॉट मीटरचा लॉग बारीक वेळेने बघायचा, आधी उलटी हालली की समजायचं या आउटपुटवर तंतोतंत लिनियरायझेशन चालणार नाही. लॉग सेकंदाला एकच नोंद घेणारा असेल तर तो खड्डा निसटतो. एका साइटवर असंच झालं होतं, रेकॉर्डर दोन सेकंदांना एक बिंदू घ्यायचा, सगळे म्हणाले इथे उलटा रिस्पॉन्स नाहीच, आणि नंतर वेगवान रेकॉर्डर लावल्यावर तो स्पष्ट दिसला.

तू आता एवढं कर: P0 ला 0.3, 0.5, 0.8 आणि 1.0 ठेवून वरचा while लूप चालव, दर वेळी सुरुवात P0 + 0.01 ने, पण थांबण्याची अट चूक 0.05 होणं अशी ठेव, म्हणजे चारही तुलना करता येतील. सूत्राने वेळ 2·[0.04 + P0·ln 5] यायला हवी, 0.3 ला 1.05 सेकंद आणि 1.0 ला 3.3. आकडे जुळले की तोच तक्ता गाईडना दाखव, आणि मग U वाला कंट्रोलर τ = 2 ने सुरू कर.